मोमेंट 4.2 आला: हाय स्पिन, लो स्पिन की तिसरंच काही?

प्रश्न: प्रोजेक्टसाठी आयर्न(III) चं डायएथिलडायथायोकार्बामेट कॉम्प्लेक्स केलं, [Fe(S2CNEt2)3]. मॅग्नेटिक बॅलन्सवर 298 K ला वजनी ससेप्टिबिलिटी 14.3 × 10⁻⁶ (cgs) आली, त्यावरून मोमेंट 4.2 BM. हाय स्पिनला 5.92 हवा आणि लो स्पिनला 1.73. तक्त्यात सगळ्यात जवळचा आकडा 3.87 आहे, म्हणजे तीन अयुग्मित इलेक्ट्रॉन. पण अष्टफलकी d⁵ मध्ये तीन कसे येतील? रिपोर्टमध्ये हाय लिहू की लो?

उत्तर:

दोन्ही लिहू नका, आणि आत्ताच “तीन अयुग्मित” असंही लिहू नका. तुमचं मोजमाप बहुधा ठीक आहे. गडबड तक्ता वाचण्यात आहे. तक्त्यातला प्रत्येक आकडा “नमुन्यातले सगळे रेणू एकाच स्पिन अवस्थेत आहेत” असं गृहीत धरून काढलेला असतो, आणि तुमच्या कॉम्प्लेक्सच्या बाबतीत नेमकं तेच खरं नाही. पण याच लिगँडचं, याच आयर्नचं एक दुसरं संयुग असं आहे की ज्यात खरोखरच तीन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, आणि त्याचाही मोमेंट चारच्या आसपास येतो. म्हणून आधी या दोघांत निवाडा करायला हवा. तो खोलीच्या तापमानाच्या एका रीडिंगवर होत नाही.

आधी तुमचा हिशोब पुन्हा करून पाहू, कारण आकड्यावर किती विसंबायचं ते त्यावरूनच कळतं. ट्रिस कॉम्प्लेक्सचा रेणुभार 500.7. त्याला 14.3 × 10⁻⁶ ने गुणलं की मोलर ससेप्टिबिलिटी 7160 × 10⁻⁶ येते. यात लिगँडमधल्या जोडीदार इलेक्ट्रॉनांचा ऋण वाटा मिसळलेला आहे, तो बाजूला काढायचा. पास्कलचे स्थिरांक घेऊन बेरीज करता येते, पण पहिल्या अंदाजाला रेणुभाराच्या निम्मं, म्हणजे 250 × 10⁻⁶, पुरतं. हा वाटा ऋण असल्यामुळे तो काढणं म्हणजे 250 मिळवणं. काही जण इथे चिन्ह उलटं धरतात आणि वजा करून बसतात.

```
χ_M (दुरुस्त) = 7160 + 250 = 7410 × 10⁻⁶
χ_M · T      = 7410 × 10⁻⁶ × 298 = 2.21
μ_eff        = 2.828 × √2.21 = 4.20 BM
```

म्हणजे तुमचं गणित बरोबर आहे. दुरुस्ती केलीच नसती तर 4.13 आला असता. इथे फारसा फरक पडत नाही, पण मोमेंट 2 च्या आसपास असताना हीच दुरुस्ती विसरली तर तो 1.85 च्या जवळ दिसतो. ससेप्टिबिलिटी जितकी लहान, तितकी ही दुरुस्ती डोईजड होते.

आता चुकीला वाव किती आहे ते पाहा. मोमेंट वर्गमुळातून येतो, त्यामुळे ससेप्टिबिलिटीत 10 टक्के चूक असेल तर मोमेंटमध्ये साधारण 5 टक्केच दिसते. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वापरायची. शुद्ध हाय स्पिन नमुना अशुद्धीमुळे 5.92 वरून 4.2 वर घसरला असेल का? त्यासाठी ससेप्टिबिलिटी निम्मी व्हायला हवी, म्हणजे तुमच्या पावडरीत वजनाने निम्मा अचुंबकीय कचरा असायला हवा. मूलद्रव्य विश्लेषणात असा नमुना लपूच शकत नाही. पण 3.87 आणि 4.2 मधलं अंतर? तिथे ससेप्टिबिलिटीतला फरक जेमतेम 15 टक्के. नळीत पावडर नीट ठासली नसेल आणि कॅलिब्रेशनही जुनं असेल, तर दोन्ही मिळून एवढी तफावत सहज पडते. म्हणून “4.2 हा 3.87 नाही, त्यामुळे तीन इलेक्ट्रॉन नाहीत” असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि “3.87 च्या जवळ आहे, म्हणून तीनच” असंही म्हणता येत नाही.

ठासण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पावडर थोडी थोडी घालून नळी टेबलावर हलके आपटत राहा, आणि उंची बदलायची थांबली की मगच मोजा. नळी रिकामी करून तोच नमुना पुन्हा भरा. दोन भरण्यांतल्या ससेप्टिबिलिटीत तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक आला, तर अजून पोकळ्या राहताहेत किंवा कण ओबडधोबड आहेत. खलात पुन्हा घोटा. स्टीलचा स्पॅच्युला टाळा. लोखंडाचा कण किंवा गंज नावापुरता जरी मिसळला तरी मोमेंट वर चढतो, आणि हे पावडरीकडे पाहून ओळखता येत नाही.

आता मुद्द्याकडे. अष्टफलकी d⁵ मध्ये दोनच मांडण्या व्यवहारात येतात. लिगँडचं क्षेत्र दुबळं असेल तर पाचही इलेक्ट्रॉन पाच ऑर्बिटलांत एकेकटे, म्हणजे हाय स्पिन. क्षेत्र बलवान असेल तर पाचही खालच्या तिघांत, म्हणजे लो स्पिन, आणि एकच अयुग्मित. सल्फरचे सहा दाते असलेलं डायथायोकार्बामेट बरोबर या दोघांच्या सीमेवर बसतं. दोन्ही अवस्थांमधला ऊर्जेचा फरक खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेइतकाच, म्हणजे मोलमागे दोन-तीन किलोज्यूलच्या घरातला. त्यामुळे कोणत्याही क्षणी काही रेणू हाय स्पिन असतात, उरलेले लो स्पिन, आणि त्यांची अदलाबदल सतत चालू असते. इटलीत कांबी आणि सेगो यांनी 1931 मध्ये याच कुटुंबातल्या आयर्न कॉम्प्लेक्सांचे असे “मधलेच” मोमेंट नोंदवले होते, आणि स्पिन क्रॉसओव्हरचा अभ्यास तिथूनच सुरू झाला असं मानतात. तुम्ही थेट त्याच जुन्या उदाहरणावर जाऊन पडला आहात.

मग 4.2 म्हणजे हाय स्पिन किती टक्के? इथे बरेच जण घसरतात. 1.73 आणि 5.92 मध्ये 4.2 कुठे बसतो ते सरळ प्रमाणाने काढलं तर 59 टक्के येतात. ते चूक आहे. नमुन्यातल्या रेणूंची बेरीज होते ती ससेप्टिबिलिटीची, मोमेंटची नाही. म्हणून सरासरी काढायची ती मोमेंटच्या वर्गाची. 4.2 चा वर्ग 17.6, हाय स्पिनचा 35, लो स्पिनचा 3.

```
17.6 = 35x + 3(1 − x)
x    = 14.6 / 32 = 0.46
```

म्हणजे 46 टक्के. निष्कर्षच उलटला: सरळ सरासरी सांगत होती की हाय स्पिन रेणू जास्त आहेत, प्रत्यक्षात ते निम्म्याहून कमी आहेत. म्हणूनच या क्षेत्रातले लोक मोमेंटऐवजी χT चा आलेख काढतात. तिथे बेरीज-वजाबाकी सरळ चालते. शुद्ध हाय स्पिन आयर्न(III) साठी χT 4.375, शुद्ध लो स्पिनसाठी 0.375, आणि तुमचा 2.21.

हा 46 चा आकडासुद्धा अंतिम मानू नका. स्पिन-ओन्ली सूत्र कक्षीय गतीचा वाटा शून्य धरतं. हाय स्पिन d⁵ मध्ये ते अगदी रास्त आहे, कारण पाचही ऑर्बिटल सारखे भरलेले असतात आणि कक्षीय वाटा उरतच नाही. म्हणून हाय स्पिन आयर्न(III) आणि मँगनीज(II) चे मोमेंट 5.9 च्या अगदी लगत येतात. लो स्पिन d⁵ मध्ये मात्र खालच्या तिघांत एक जागा रिकामी असते, ती तिन्ही ऑर्बिटलांत फिरू शकते आणि कक्षीय वाटा तयार होतो. म्हणून लो स्पिन आयर्न(III) प्रत्यक्षात 1.73 न देता साधारण 2.0 ते 2.5 देतं. फेरीसायनाइडचा मोमेंटही याच पट्ट्यात पडतो. लो स्पिनचा मोमेंट 2.3 धरला तर वरच्या समीकरणात 3 च्या जागी 5.3 येतो आणि हाय स्पिनचा वाटा 41 टक्क्यांवर उतरतो. तेव्हा “40 ते 46 टक्के” एवढंच म्हणावं. दशांश चिन्हापुढचे आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

आता त्या खऱ्याखुऱ्या तीन इलेक्ट्रॉनवाल्या संयुगाकडे येऊ. तुमच्या ट्रिस कॉम्प्लेक्सवर संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया झाली तर एक डायथायोकार्बामेट निघून त्याजागी क्लोराइड येतं आणि [Fe(S2CNEt2)2Cl] तयार होतं. याची रचना अष्टफलकी नाही. चार सल्फर तळाला, क्लोरीन शिखरावर, असा चौकोनी पिरॅमिड. अशा रचनेत तळाच्या चार सल्फरांकडे थेट रोखलेलं एक ऑर्बिटल ऊर्जेत फार वर ढकललं जातं आणि रिकामं राहतं. पाच इलेक्ट्रॉन उरलेल्या चार ऑर्बिटलांत बसतात: एक जोडी आणि तीन एकेकटे. याला मध्यम स्पिन म्हणतात, आणि मोमेंट 3.9 ते 4.0. तुमच्या प्रश्नातल्या “तीन कसे येतील” चं उत्तर हे आहे: अष्टफलकात येत नाहीत, आकार बदलला की येतात.

तुमच्या बाटलीत हे बिस-क्लोरो तर नाही ना? तुम्ही आयर्न क्लोराइडपासून सुरुवात केली असेल आणि लिगँड तीनास एक या प्रमाणापेक्षा कमी पडला असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. इथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: मोमेंटच्या हिशोबात रेणुसूत्र आधीच गृहीत धरलेलं असतं. बिस-क्लोरोचा रेणुभार 387.8. तुमचीच 14.3 × 10⁻⁶ ही ससेप्टिबिलिटी घेऊन या रेणुभाराने हिशोब केला तर मोमेंट 3.7 येतो, म्हणजे 3.87 च्याही खाली. उलट बाजूने पाहा: शुद्ध बिस-क्लोरो नमुना घेऊन चुकून ट्रिसच्या रेणुभाराने हिशोब केला असता तर सुमारे 4.5 दिसला असता. तुमचं रीडिंग या दोन्हींत नीट बसत नाही, त्यामुळे माझा कल ट्रिसकडेच आहे. पण हा कल आहे, पुरावा नाही. आयर्न किंवा सल्फरची टक्केवारी आणि क्लोराइडची चाचणी करून घ्या. ट्रिसमध्ये आयर्न 11.2 टक्के असायला हवं, बिस-क्लोरोत 14.4 टक्के. हा फरक साध्या टायट्रेशननेही पकडता येतो, फक्त त्याआधी लिगँड आम्लात पूर्ण जाळून टाका, नाहीतर सल्फर घोळ घालतो. क्लोराइडची चाचणी सिल्व्हर नायट्रेटने करणार असाल तर तिथेही हाच नियम: डायथायोकार्बामेट स्वतःच सिल्व्हरशी अवक्षेप देतं, म्हणून कॉम्प्लेक्सवर थेट थेंब टाकून निकाल वाचू नका.

खरा निवाडा करतं ते तापमान. मध्यम स्पिन संयुगात तीन इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानाला असतात तसेच थंडीतही राहतात, म्हणून मोमेंट द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत 4 च्या आसपास जवळपास सपाट राहतो. स्पिन क्रॉसओव्हरमध्ये थंड करत गेलं की लो स्पिनची संख्या वाढते आणि मोमेंट घसरत जातो. तुमच्या ट्रिस संयुगात तो द्रव नायट्रोजनच्या तापमानाला दोनच्या थोडा वर येऊन टेकतो. उतार एकदम तुटल्यासारखा नसतो, हळूहळू असतो. त्याच वेळी आयर्न-सल्फर बंधही आखडतो: खोलीच्या तापमानाला सरासरी सुमारे 2.36 अँगस्ट्रॉम, 79 K ला सुमारे 2.31. हाय स्पिनमध्ये सल्फरकडे तोंड करून असलेल्या दोन ऑर्बिटलांत इलेक्ट्रॉन असतात, ते बंध लांबवतात. लो स्पिनमध्ये ती दोन्ही रिकामी होतात.

एक सावधगिरी. असा डेटा हाती आला की लगेच 1/χ विरुद्ध T चा आलेख काढून क्युरी-वाइसची रेषा बसवू नका. त्या रेषेमागचं गृहीतक असं की प्रत्येक रेणूचा मोमेंट स्थिर आहे. इथे तोच बदलतो आहे, त्यामुळे निघणारा θ कितीही देखणा दिसला तरी त्याला काही अर्थ नसतो.

तुमच्याकडे क्रायोस्टॅट नसेल असं धरून चालतो. मग NMR वरची एव्हान्स पद्धत वापरा. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये उणे 60 ते अधिक 50 अंश सेल्सियसपर्यंत आरामात जाता येतं, आणि एवढ्या पट्ट्यातही ट्रिसचा मोमेंट बदलताना स्पष्ट दिसतो, बिस-क्लोरोचा दिसत नाही. द्रावणातला आकडा घन नमुन्याशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नका. ऊर्जेचा तोल इतका नाजूक आहे की द्रावक बदलला, किंवा स्फटिकात द्रावकाचे रेणू अडकून राहिले, तरी तो हलतो.

या पद्धतीत दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं सूत्राचं. जुन्या पुस्तकांतल्या सूत्रात छेदात 2π असतो, कारण तेव्हाच्या चुंबकांत क्षेत्र नळीला आडवं असायचं. आजच्या सुपरकंडक्टिंग चुंबकात क्षेत्र नळीच्या अक्षाच्या दिशेने असतं आणि छेदात 4π येतो. जुनं सूत्र वापरलं तर ससेप्टिबिलिटी दुप्पट निघते. तुमच्या बाबतीत याचा परिणाम काय होईल? 4.2 ऐवजी 5.9 दिसेल, म्हणजे चक्क निर्मळ हाय स्पिन! दिसायला अगदी पटण्याजोगा आकडा, म्हणून कुणाला संशयही येणार नाही. दुसरं घनतेचं. द्रावक थंड होताना आकुंचन पावतो. या पट्ट्याच्या खालच्या टोकाला क्लोरोफॉर्मची घनता खोलीच्या मानाने सुमारे 10 टक्के वाढलेली असते, तितकीच तुमची संहतीही. खोलीच्या तापमानाची संहती तशीच पुढे वापरली तर थंडीतले मोमेंट खऱ्यापेक्षा सुमारे 5 टक्के जास्त येतात आणि जी घसरण तुम्ही शोधताय तीच थोडी झाकली जाते.

मॉसबावरची सोय झाली तर ट्रिसच्या वर्णपटात हाय आणि लो अशा दोन वेगळ्या जोड्या शोधत बसू नका. या कुटुंबात अदलाबदल मॉसबावरच्या कालमर्यादेपेक्षा वेगवान असते, म्हणून एकच सरासरी जोडी दिसते. बिस-क्लोरोत मात्र दोन रेषांमधलं अंतर खूप मोठं, सेकंदाला अडीच मिलिमीटरच्या वर असतं. ट्रिसमध्ये खोलीच्या तापमानाला ते त्याच्या मानाने बरंच कमी. एवढ्यावरून दोघांना वेगळं करता येतं.

तुमच्या कॉम्प्लेक्सचं सोडून एक उलटा सापळा सांगतो, कारण आयर्न(III) वर काम करणाऱ्याला तो कधी ना कधी भेटतो. दोन आयर्नमध्ये ऑक्साइडचा पूल असेल तर दोन्ही हाय स्पिन असूनही त्यांचे स्पिन एकमेकांना मारतात आणि खोलीच्या तापमानाला दर आयर्नमागे मोमेंट 1.7 ते 1.9 च्या आसपास येतो. तक्ता पाहणारा माणूस बिनधास्त “लो स्पिन” लिहून मोकळा होतो. थंड केल्यावर लो स्पिन संयुग 1.7 ते 2 च्या आसपास थांबतं. पुलाचं संयुग मात्र शून्याकडे सरकत जातं. तेव्हा कमी मोमेंट म्हणजे लो स्पिन असं म्हणण्याआधी रेणूत आयर्न एकच आहे याची खात्री हवी.

आता रिपोर्ट. तापमानाचा डेटा नसेल तर असं लिहा: “298 K ला χT = 2.21 cm³ K mol⁻¹, μ = 4.20 BM. हे मूल्य अष्टफलकी आयर्न(III) च्या शुद्ध हाय स्पिन किंवा शुद्ध लो स्पिन अवस्थेशी जुळत नाही. दोन्ही अवस्थांच्या औष्णिक समतोलाशी ते सुसंगत आहे. तसे मानल्यास हाय स्पिनचा वाटा सुमारे 40 ते 46 टक्के.” त्याखाली आयर्नची टक्केवारी आणि क्लोराइड चाचणीचा निकाल द्या, म्हणजे परीक्षकाने बिस-क्लोरोचा प्रश्न काढला तर उत्तर कागदावरच असेल. तीन-चार तापमानांचा एव्हान्स डेटा मिळाला आणि मोमेंट थंडीत खाली गेला, तर “सुसंगत आहे” काढून “समतोल आहे” लिहा. आणि मोमेंट जागचा हललाच नाही, तर बाटलीवरचं लेबल बदलायची तयारी ठेवा.